चिमट्याने मोजलेली चरबी : कागदावरचा एक आकडा आणि त्यामागचे चार

हल्ली वस्तीतल्या आरोग्य शिबिरांमध्ये वजनकाटा आणि रक्तदाबाच्या यंत्राबरोबर एक चिमटाही दिसू लागला आहे. दंडाच्या मागे, पाठीवर, कमरेवर कातडी धरून ती चिमट्यात मोजतात आणि शेवटी हातात कागद देतात. त्यावर उंची आणि वजनाच्या खाली एक ओळ असते : ‘धड-हातपाय गुणोत्तर १.७’ किंवा असेच काहीतरी. गुणोत्तर म्हणजे काय, ते वाढले तर वाईट की चांगले, हे समजावून सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो. मग तो कागद घेऊन बायाबापड्या आमच्याकडे येतात. कुणी घाबरून येते, कुणी उगाच निर्धास्त होऊन येते. आरोग्याच्या पानावर यावेळी त्या एका ओळीबद्दलच बोलू.

मोजतात काय आणि कुठे?

आपल्या शरीरातली बरीचशी चरबी कातडीच्या लगेच खाली असते. दोन बोटांनी कातडी वर उचलली की कातडी आणि तिच्याखालची चरबी दुमडून घडी तयार होते. मांस, म्हणजे स्नायू, खालीच राहतो. या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायच्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. घडी दुहेरी असते, म्हणून येणारा आकडाही दोन थरांचा असतो.

अशा घड्या बऱ्याच जागी घेता येतात. शिबिरात साधारणपणे चार घेतात. दोन हातावरच्या : एक दंडाच्या मागच्या बाजूला आणि एक पुढच्या बाजूला, जिथे मुले बेटकुळी काढून दाखवतात तिथे. दोन धडावरच्या : एक पाठीवर, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी, आणि एक कुशीत, कमरेच्या हाडाच्या जरा वर. काही ठिकाणी पोटावरची, मांडीवरची किंवा पोटरीवरची घडीही घेतात. म्हणून दोन वेगळ्या शिबिरांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे त्याच जागा मोजल्या होत्या का, हे बघावे लागते.

पुढचा हिशेब शाळेतल्या भागाकाराचा आहे. धडावरच्या घड्यांची बेरीज करायची, हातावरच्या घड्यांची बेरीज करायची आणि पहिल्या बेरजेला दुसरीने भागायचे. उत्तर १ आले तर धडावर आणि हातावर सारखीच चरबी आहे. उत्तर २ आले तर धडावर हाताच्या दुप्पट आहे. चरबी किती आहे हे या आकड्यातून कळत नाही. ती कुठे साठली आहे, एवढेच कळते.

एकाच वजनाच्या दोन मुली

उदाहरणासाठी बारा वर्षांच्या दोन मुली घेऊ. दोघी एकाच गल्लीतल्या, उंचीने आणि वजनाने सारख्या. दोघी पाळीला बसलेल्या नाहीत.

पहिलीच्या दंडामागची घडी १२ मिमी आणि पुढची ६, म्हणजे हाताची बेरीज १८. पाठीवर ९ आणि कुशीत ९, म्हणजे धडाची बेरीजही १८. अठराला अठराने भागले, गुणोत्तर १.०.

दुसरीच्या दंडामागे ८ आणि पुढे ४, म्हणजे हाताची बेरीज १२. पाठीवर ११ आणि कुशीत १३, म्हणजे धडाची बेरीज २४. गुणोत्तर २.०.

आता चारही घड्या एकत्र मिळवा. पहिलीच्या ३६ होतात आणि दुसरीच्याही ३६ च. काट्यावर दोघी सारख्या, एकूण घड्यांमध्येही सारख्या. फरक एवढाच की दुसरीचे हात बारीक आहेत आणि चरबी पाठ-कमरेकडे गोळा झाली आहे. तिच्या आईला विचाराल तर ती म्हणेल, “माझी पोर वाळकी आहे, तिला कसली चरबी?” दंडाकडे पाहिले तर आईचे म्हणणे खरेच आहे. पाठीकडे आणि कमरेकडे पाहायचे सहसा कुणाच्या मनात येत नाही. वजन आणि उंचीवरून काढलेल्या आकड्यालाही हा फरक दिसत नाही. गुणोत्तराला तो दिसतो.

चरबीची जागा का पाहायची?

चरबी सगळीकडे सारखी वागत नाही. हाता-मांड्यांवरची चरबी तुलनेने स्थिर असते. जेवणानंतर रक्तात आलेली चरबी तिथे साठते आणि बराच काळ तिथेच राहते. धडाकडची, विशेषतः पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी जास्त चंचल असते. ती सतत रक्तात उतरते आणि आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून सरळ यकृतात पोचते. यकृतावर असा भार पडत राहिला की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, साखर चढते आणि रक्तातली चरबीही बिघडते. फ्रान्समधले डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवले होते की मधुमेह आणि हृदयविकार चरबी किती आहे यापेक्षा ती अंगावर कुठे आहे याच्याशी जास्त जोडलेले दिसतात. तेही त्या काळी कातडीच्या घड्याच मोजत होते.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याजवळच्या खेड्यांतले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या गरोदर बायांच्या आणि त्यांच्या नवजात बाळांच्या नोंदी ठेवल्या. बाळांची मापे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तिकडच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचा दंडघेर आणि पोटाचा घेर बराच कमी होता, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव लहान होते. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली घेतलेली घडी त्या मानाने फारच थोडी कमी होती. बाळ दिसायला किडकिडीत, पण अंगावरची चरबी टिकून. या अभ्यासातूनच ‘बारीक तरी चरबीयुक्त भारतीय बाळ’ ही ओळख जगभर गेली.

हातावर मजुरी असलेल्या, अर्धपोटी राहून बाळंत झालेल्या आयांच्या घरांशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. आपल्या घरांत “तो तर काडीसारखा, त्याला कुठून शुगर?” असे म्हटले जाते, आणि चाळिशीच्या आत त्याच काडीसारख्या माणसाला मधुमेह निघतो. म्हणून चरबीची जागा बघणारे माप आपल्या कामाचे आहे. पण ते कुठे फसवते हेही माहीत असायला हवे, नाहीतर त्यापासून नुकसानच होते.

आकडा वाढला, तरी प्रकृती सुधारली होती

एका संस्थेच्या शिबिरात सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा मोजमाप झाले. चौतीस वर्षांची एक बाई दोन्ही वेळा गेली होती. पहिल्या कागदावर गुणोत्तर १.७ होते आणि दुसऱ्यावर २.०. शेजारी लाल शाईत ‘वाढले’ असा शिक्का. ती आमच्याकडे आली ती रागातच.

“ताई, सहा महिने रोज पहाटे चालले. रात्रीचा भात अर्ध्यावर आणला. आणि कागद म्हणतो बिघडलं. मग चालायचं कशाला?”

आम्ही तिला कागदाची मागची बाजू उलटायला लावली. तिथे बारीक अक्षरात चारही घड्यांचे आकडे होते.

पहिल्या वेळी दंडामागे २२ आणि पुढे १२ म्हणजे ३४, पाठीवर २८ आणि कुशीत ३० म्हणजे ५८. अठ्ठावन्न भागिले चौतीस, १.७. दुसऱ्या वेळी दंडामागे १६ आणि पुढे ८ म्हणजे २४, पाठीवर २४ आणि कुशीतही २४ म्हणजे ४८. अठ्ठेचाळीस भागिले चोवीस, २.०.

आता नुसते आकडे बघा. चारही जागच्या घड्या कमी झाल्या होत्या. एकूण बेरीज ९२ वरून ७२ वर आली होती. धडावरून १० मिमी गेले आणि हातावरूनही १० मिमीच गेले. पण हाताची बेरीज मुळातच लहान होती, म्हणून तिच्यातून दहा गेल्यावर ती जास्त आकसली. भागायचा आकडा लहान झाला की उत्तर मोठे होते. गणिताने आकडा चढला, बाईच्या अंगावरची चरबी मात्र उतरली होती. तिच्या परकराची नाडीही आता दोन बोटे जास्त आवळली जात होती, हे तिचे तिलाच माहीत होते. लाल शिक्क्याला ते माहीत नव्हते.

उलटही घडते. समजा, वर सांगितलेल्या दुसऱ्या मुलीच्या धडाची बेरीज वर्षभरात २४ वरून ३० झाली आणि हाताची १२ वरून १८. गुणोत्तर २.० वरून १.७ वर येईल आणि कागदावर ‘सुधारणा’ लिहिले जाईल. प्रत्यक्षात मुलीच्या अंगावर सगळीकडेच चरबी चढलेली असेल.

आजारातून उठलेले पोर

तिसरा फसवा प्रसंग जास्त काळजीचा आहे. त्याच वयाची एक मुलगी टायफॉईडमधून नुकतीच उठली आहे. दंडामागे ५ आणि पुढे ३ म्हणजे ८, पाठीवर ७ आणि कुशीत ७ म्हणजे १४. गुणोत्तर येते १.७५.

नुसता हा आकडा पाहणाऱ्याला वाटेल की हिच्या धडावर चरबी साचते आहे, हिचे खाणे आवरले पाहिजे. पण चारही घड्या मिळून जेमतेम २२ मिमी आहेत. धडावर काही साचलेले नाही, हातावरचे आटून गेले आहे. हिला दूध, अंडे, डाळ, शेंगदाणे आणि भरपूर भाकरीची गरज आहे. या पोरीला “तेल-तूप बंद करा” असा सल्ला मिळाला तर तो आकडा तिच्या जिवावर उठला असेच म्हणावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की हे गुणोत्तर एकट्याने कधी वाचू नये. त्याच्याशेजारी चारही घड्यांची एकूण बेरीज हवी. बेरीज सांगते किती, गुणोत्तर सांगते कुठे. दोनदा मोजले असेल तर आकडा वरची बेरीज वाढल्यामुळे बदलला की खालची घटल्यामुळे, हे आधी बघायचे.

मोजताना चूक कुठे होते?

हे माप घेणाऱ्याच्या हाताच्या कसबावर अवलंबून असते. चांगल्या धातूच्या कॅलिपरच्या जबड्यांचा दाब ठरलेला असतो, दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम, आणि त्यावर ०.२ मिमीपर्यंत वाचता येते. स्वस्त प्लॅस्टिकच्या काही चिमट्यांत दाब बोटानेच द्यावा लागतो, मग जितका जोर तितका आकडा कमी.

दंडाची जागा अंदाजाने ठरवायची नसते. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत टेपने मोजायचे, त्याच्या मध्यावर पेनाने खूण करायची आणि मग हात सैल सोडायला सांगायचा. खुणेच्या साधारण एक सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनीने घडी उचलायची, चिमटा खुणेवर लावायचा, बोटे घडीवरच ठेवायची आणि सुमारे दोन सेकंदांनी वाचायचे. लगेच वाचले तर आकडा जास्त येतो. फार वेळ थांबले तर चरबी दबते आणि आकडा घसरत जातो. त्यामुळेच एकाच जागी लागोपाठ तीन वेळा मोजत नाहीत. चारही जागांची एक फेरी घेतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि त्यांची सरासरी किंवा मधला आकडा धरतात. पाठीवरची घडी सरळ उभी नसते, ती पाठीच्या कण्यापासून खाली बाहेरच्या बाजूला तिरपी जाते. ती उभी धरली की आकडा बदलतो. उजवी बाजू घेतली तर पुढच्या वेळीही उजवीच घ्यायची, आणि जमले तर मोजणारी व्यक्तीही तीच असावी.

एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर काय बिघडते, असे वाटेल. टायफॉईडमधून उठलेल्या मुलीकडे परत जाऊ. तिच्या दंडाच्या दोन्ही घड्या घाईत एकेक मिलिमीटर जास्त वाचल्या गेल्या तर हाताची बेरीज ८ ऐवजी १० होते आणि गुणोत्तर १.७५ वरून थेट १.४ वर येते. मूल जितके बारीक, तितका लहानशा चुकीचा धक्का मोठा. उलट फार स्थूल माणसाची घडी बोटांत नीट सुटीच होत नाही, तिथेही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. गरोदर बाईला, अंगावर सूज असलेल्याला किंवा नुकतेच घाम गाळून आलेल्याला हे माप लावून उपयोग नाही.

मोजमाप बेफिकिरीने झाले आहे का, हे कागदावरूनही बऱ्याचदा कळते. दंडामागची घडी जवळपास नेहमीच पुढच्या घडीपेक्षा जाड असते. ती उलटी लिहिलेली असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी. सगळे आकडे ५, १०, १५ असेच असतील तर ते वाचलेले नसून ठोकून दिलेले आहेत. एका घरातल्या चौघांचे आकडे जवळजवळ सारखे असतील तरी शंका घ्यावी.

आणखी एक गोष्ट. पाठ आणि कमर उघडी करावी लागते, म्हणून पोरींना आणि बायांना बाईनेच, पडद्याआड मोजले पाहिजे. तशी सोय नसेल तर “आम्ही मोजून घेणार नाही” असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सगळ्यांसमोर पोलके वर करायला लावले की पोर अंग चोरते, ताठ होते, आणि मापही चुकते.

मुलगा, मुलगी आणि वय

या गुणोत्तराला ‘यापुढे धोका’ असा सर्वांना लागू होणारा एक ठरलेला आकडा नाही. कागदावर तशी लाल रेघ मारलेली असेल तर ती कुठल्या वयासाठी, मुलगा की मुलगी आणि कुठल्या चार घड्यांसाठी, हे विचारावे.

वयात येताना मुलांच्या हातापायांवरची चरबी कमी होते, स्नायू भरतात आणि चरबी धडाकडे सरकते. त्यामुळे तेरा ते सतरा वर्षांच्या मुलाचे गुणोत्तर आपोआप चढते आणि त्यात आजार काही नसतो. मुलींच्या हाता-मांड्यांवर चरबी टिकते, म्हणून त्यांचे गुणोत्तर सहसा मुलांपेक्षा कमी राहते. मोठेपणी वय वाढेल तसे, आणि बायांमध्ये पाळी गेल्यानंतर, चरबी पुन्हा धडाकडे जाऊ लागते. त्यामुळे भावाचा आकडा बहिणीच्या आकड्याशेजारी किंवा आईचा मुलीच्या आकड्याशेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही. तुलना करायची तर त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी, किंवा त्या माणसाची स्वतःच्याच जुन्या मापाशी.

चिमट्यात फक्त कातडीखालची चरबी येते, हेही ध्यानात ठेवावे. पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी चिमट्यात धरताच येत नाही. पाठ-कमरेवर चरबी जास्त असणाऱ्यांच्या पोटातही ती जास्त असण्याचा कल असतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तसे असेलच असे नाही. म्हणून या मापाने कुणाला मधुमेह आहे किंवा होणारच, असे म्हणता येत नाही. पुढची तपासणी कुणाची आधी करावी, एवढे सुचवायला ते चांगले आहे.

कागद हातात आल्यावर

पहिले, नुसते गुणोत्तर लिहिलेला कागद घेऊन घरी येऊ नका. “चारही घड्यांचे आकडे लिहून द्या आणि कुठल्या बाजूला मोजले तेही लिहा,” असे मोजणाऱ्या ताईंना किंवा दादांना सांगा. आकडे तुमच्या अंगाचे आहेत, ते मागायला संकोच कशाला? हा कागद मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर जपून ठेवा.

दुसरे, आकड्याची खात्री घरच्या टेपने करा. शिंप्याकडचा साधा टेप चालतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे मोठ्या बायांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही सावध होण्याची मर्यादा धरतात. सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी सोपी खूण म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा घेर सत्तरच्या आत हवा. दोन कागदांवर गुणोत्तर वाढलेले दिसते पण घेर उतरला आहे, तर घाबरू नका, चालणे सोडू नका. गुणोत्तर उतरले पण घेर चढला, तर खुश होऊ नका.

तिसरे, धडाकडची चरबी खरोखर जास्त दिसत असेल, घेर मर्यादेपलीकडे असेल, घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, किंवा मुलाच्या मानेवर घासूनही न निघणारी काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसत असेल, तर उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या. मानेवरचा तो काळपटपणा बऱ्याच आया मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो. इन्सुलिन नीट चालत नसल्याची ती खूण असू शकते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो. त्यासाठी गुणोत्तर वाढण्याची वाट पाहायची गरज नाही.

चौथे, चारही घड्या मिळून बेरीज फार कमी असेल आणि मूल आजारातून उठले असेल किंवा वजन वाढत नसेल, तर गुणोत्तर काहीही असो, त्या मुलाचे खाणे कमी करू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. पाच वर्षांच्या आतले मूल असेल तर अंगणवाडीत दंडघेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण असते. तिथे चिमट्याच्या हिशेबात वेळ घालवू नये, त्याच दिवशी उपचारासाठी न्यावे.

लाल शिक्का पाहून आलेल्या त्या बाईने दोन्ही कागद एकाखाली एक ठेवून स्वतःच बेरजा केल्या. ९२ आणि ७२ हे आकडे तिने पेनाने ठळक केले आणि शिक्क्यावर रेघ ओढली. पुढच्या शिबिरात ती पहिल्यांदा चार घड्यांचे आकडे मागणार आहे.